हाऊसफुल्ल हॉटेलातल्या एकोणीस रिकाम्या खुर्च्या

थर्ड इयरला 'क्यूइंग थिअरी' नावाचं एक प्रकरण असतं. आपण ते परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो, दुसऱ्या दिवशी पेपरात ओततो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. मीही विसरलो होतो. पण गेल्या सुट्टीत कराडला मामाकडे गेलो आणि ते प्रकरण थेट ताटात वाढून समोर आलं.

मामाचं थाळीचं हॉटेल आहे. बारा टेबलं, प्रत्येकाला चार खुर्च्या, म्हणजे अठ्ठेचाळीस माणसांची सोय. दुपारी साडेबारा ते अडीच दाराबाहेर गर्दी, आणि त्यातली बरीच माणसं घड्याळ बघून समोरच्या वडापावच्या गाडीकडे वळतात. मामाचा बेत ठरला होता : व्हरांड्यात आणखी तीन टेबलं टाकायची, आणि वेटरांना सांगायचं की जेवून झालेल्यांना जरा लवकर उठवा. मी म्हटलं, "मामा, आधी मोजू दे मला." मामा म्हणाला, "मोज बाबा. फी भरलीय तुझ्या बापानं, काहीतरी वसूल होऊ दे."

मालकाचा हिशोब असा असतो : अठ्ठेचाळीस खुर्च्या, एक जेवण पाऊण तासाचं, म्हणजे दोन तासांत सव्वाशे ताटं जायला हवीत. प्रत्यक्षात गल्ल्यावरची बिलं मोजली तर ताटं निघाली एकाहत्तर. मग बाकीची पन्नास गेली कुठं?

गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून मी आधी आलेले पन्नास गट टिपले. एकटे सहा, दोघं-दोघं पंचवीस, तिघं नऊ, चौघं आठ आणि सहाजणांचे दोन. एकूण माणसं १२७. सहाजणांना दोन टेबलं जोडून द्यावी लागतात, म्हणून टेबलं लागली बावन्न. म्हणजे एका टेबलावर सरासरी २.४४ माणसं. बाराच्या बारा टेबलं भरलेली असताना हॉटेलात जेवत असतात फक्त एकोणतीस. बाहेर माणसं ताटकळताहेत, आत एकोणीस खुर्च्या रिकाम्या, आणि मालक म्हणतोय हाऊसफुल्ल! मुंबईच्या उडपी हॉटेलात अनोळखी माणसाला खुशाल समोर बसवतात, तिथं हा प्रश्न निम्मा सुटतो. आमच्याकडं बायकोला घेऊन आलेल्या माणसासमोर परका बसवून बघा, तो वेटरला ऐकवून निघून जाईल.

आता वेळेचं. गिऱ्हाईक बसल्यापासून त्याच टेबलावर पुढचं गिऱ्हाईक बसेपर्यंतचा वेळ मी मोबाईलवर टिपायला लागलो. पहिल्या दिवशी सरासरी आली एक्केचाळीस मिनिटं. खूश झालो. मग 'लिटल्स लॉ' आठवला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला, L = λW. आत जेवढी टेबलं अडकलेली आहेत, ती म्हणजे तासाला सुटणारी टेबलं गुणिले एकेका टेबलाचा वेळ. एक ते दोन या भरगच्च तासात बाराही टेबलं सतत अडकलेली होती आणि सुटली सोळा वेळा. बाराला सोळानं भागा : पाऊण तास. म्हणजे माझी एक्केचाळीस मिनिटं खोटी! चूक मग सापडली. दीड वाजता भूक लागली म्हणून मी जेवायला उठलो होतो, आणि तेव्हा अर्धवट राहिलेल्या नोंदी खोडून टाकल्या होत्या. खोडलेली टेबलं नेमकी रेंगाळणाऱ्यांची. दुसऱ्या दिवशी आधी जेवून बसलो, सरासरी आली शेचाळीस. ज्याला स्टॉपवॉचची कटकट नको, त्यानं भरगच्च तासात सुटलेली टेबलं नुसती मोजावीत, उत्तर तेवढंच बरोबर येतं.

या शेचाळीस मिनिटांचे तुकडे पाडले आणि खरी गंमत तिथं कळली. बसल्यापासून ऑर्डर घेईपर्यंत पाच. ऑर्डरनंतर ताट येईपर्यंत आठ. जेवण एकोणीस. जेवण संपल्यापासून बिल हातात पडेपर्यंत सहा. पैसे देऊन उठेपर्यंत चार. टेबल पुसून पुढचा बसेपर्यंत चार. माणूस जेवतोय एकोणीस मिनिटं आणि उरलेली सत्तावीस मिनिटं कुणाची ना कुणाची वाट बघतोय! आणि आपण हात घालायला निघालो होतो त्या एकोणीस मिनिटांतच.

हे मी शहाणपणानं म्हणत नाही, आधी मीच ती चूक केलीय. तिसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात वेटरला सांगितलं, ताट रिकामं दिसलं की उचल. सरासरी दोन मिनिटांनी घसरली, मी वहीत बाण काढला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक आजी-आजोबा होते, दर गुरुवारी येणारे. आजोबांचं जेवून झालेलं, आजींचा ताकभात चाललेला. वेटरनं आजोबांचं ताट उचललं आणि फडका मारायला सुरुवात केली. आजींनी तसाच भात टाकला आणि त्या उठल्या. आजोबा काही बोलले नाहीत, पैसे दिले आणि गेले. पुढच्या गुरुवारी ते टेबल दुसऱ्यालाच गेलं. मामानं वही माझ्या हातातून घेतली आणि एवढंच विचारलं, "ह्यात ते दोघं कुठल्या रकान्यात लिहिलेस?"

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पहिल्या घासापासून हात धुवायला उठेपर्यंतचा वेळ गिऱ्हाइकाचा. तो मोजावा, पण त्याला हात लावू नये. कॉर्नेल विद्यापीठातल्या शेरिल काइम्स यांनी हॉटेलातल्या खुर्च्या आणि वेळ यांच्या हिशोबावर १९९० च्या दशकापासून काम केलं आहे. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही हेच दिसतं : मुख्य जेवण चालू असताना केलेली घाई माणसाला सर्वांत जास्त खुपते, बिलाच्या वेळची चपळाई तो सहज खपवून घेतो. खपवून घेतो कशाला, जेवून झालेला माणूस बिलासाठी मान वर करकरून बघत असतो!

मग आम्ही उरलेल्या सत्तावीस मिनिटांकडं वळलो. ऑर्डरला पाच मिनिटं का? कारण मेन्यूकार्ड चार पानांचं, आणि दुपारी दहातले नऊजण मागवतात साधी थाळी, स्पेशल थाळी किंवा आख्खा मसूर. दुपारपुरता भिंतीवर तीन ओळींचा फळा लावला आणि पाणी ठेवणाऱ्यानंच ऑर्डर विचारायची असं ठरवलं. पाचाची तीन झाली. बिलाचं कोडं जरा अवघड होतं, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे "उठा आता" म्हणण्यासारखंच. पण आपल्याकडं जेवण हातानं असतं, ही सोयच आहे. गिऱ्हाईक बेसिनकडं निघालं की ते स्वतःच सांगतं, झालं माझं. तेव्हा बिल तयार करायला घ्यायचं, आणि तो हात पुसत परत आल्यावर मागेल तेव्हा बडीशेपेच्या वाटीबरोबर लगेच द्यायचं. सहाची चार झाली. तीसुद्धा दोन झाली असती, पण बेसिन एकच आणि तिथंही रांग! पैसे देताना QR कोड टेबलावरच ठेवला, एक मिनिट वाचलं. टेबल पुसायला एकच माणूस नेमला, आणखी एक. एकूण झाली चाळीस मिनिटं. जेवणाची एकोणीस तशीच्या तशी.

आता रिकाम्या खुर्च्या. बारापैकी सात टेबलं चौघांची ठेवली. बाकीच्या पाचांची दोघा-दोघांची दहा व्हायला हवी होती, पण मधून ताट घेऊन जायला वाट लागते, म्हणून नऊच झाली. खुर्च्या दोननं घटल्या, शेहेचाळीस राहिल्या, पण टेबलं झाली सोळा. गटांची मिसळ तीच धरली तर सोळा टेबलं भरल्यावर आत जेवतात एकोणचाळीस. पूर्वी एकोणतीस जेवत होते.

हिशोब मांडून बघा. जुन्या पद्धतीनं दोन तासांत जास्तीत जास्त शहात्तर ताटं. मामाची व्हरांड्यातली तीन टेबलं टाकली असती तर पंचाण्णव. नुसती वेळ चाळीसवर आणली तर अठ्ठ्याऐंशी. नुसती टेबलं फोडली तर एकशे दोन. दोन्ही केलं तर एकशे सतरा. प्रत्यक्षात मिळाली एकशे सहा, कारण साडेबाराच्या ठोक्याला सगळी टेबलं भरत नाहीत.

सगळीच टेबलं दोघांची का नाही केली, असं मला एका मित्रानं विचारलं. चौघं आले की शेजारशेजारची दोन टेबलं एकदम रिकामी हवीत. एक सुटतं, दुसरं दहा मिनिटांनी सुटतं, आणि तोवर पहिलं राखून ठेवावं लागतं. कागदावर हे दिसत नाही.

दुसरी मर्यादा भटारखान्यात आहे. दोन तवे, तव्यावर मिनिटाला साधारण दोन चपात्या, म्हणजे तासाला दोनशे चाळीस. माणशी सरासरी चार धरल्या तर तासाला साठ ताटं, दोन तासांत एकशे वीस. आम्ही त्याच्या अगदी काठावर आहोत. काठ ओलांडला की कळतं कसं? जेवणाची एकोणीस मिनिटं तेवीस होतात. लांबून वाटतं माणूस निवांत जेवतोय, जवळ जाऊन बघावं तर वाटीत भाजी आहे आणि तो चपातीची वाट बघतोय. त्यामुळं यापुढं एकही टेबल वाढवायचं तर आधी तिसरा तवा, असं मी मामाला लिहून दिलंय.

एक फायदा मात्र आम्ही धरलाच नव्हता. सोळा टेबलं आणि चाळीस मिनिटं, म्हणजे दर अडीच मिनिटांनी एक टेबल सुटतं. पूर्वी पावणेचार मिनिटं लागायची. आता मामा दारातल्या तिसऱ्या गटाला सांगतो, "सात-आठ मिनिटं." पूर्वी सगळ्यांनाच "पाचच मिनिटं" असायची आणि ती वीस व्हायची. चौघांना मात्र वेगळा आकडा सांगावा लागतो. त्यांची सातच टेबलं आणि त्यातही गर्दीत कधी दोघं बसलेले. चौघं रांगेत असतील तर चौघांचं टेबल त्यांच्यासाठी राखावं असं माझं म्हणणं. मामा म्हणतो, आधी आलेल्या दोघांना उभं ठेवून मागच्या चौघांना आत घेतलं तर तोंड कसं दाखवू? इथं माझं गणित आणि मामाचा धंदा यांचं अजून जमलेलं नाही. सध्या मामाचंच चालतं.

रविवारचा हिशोब अजून करायचा राहिलाय. त्या दिवशी सगळी कुटुंबं, पाच-सहाजणांची, आणि दोघांची टेबलं उलट अडचण करतात. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा स्टुलावर बसणार आहे. आजोबा-आजी परवाच्या गुरुवारी आले होते म्हणे. मामानं स्वतः ताक वाढलं.