ड्राफ्ट हरवला? पंधरवड्याचा नियम बँकेला दाखवा

चेक वटेलच असे नाही. डिमांड ड्राफ्टचे पैसे मात्र बँकेने आधीच घेतलेले असतात. म्हणूनच निविदेची अनामत किंवा कॉलेजची फी भरताना नाशिकमध्ये आजही कुठे कुठे ड्राफ्ट मागितला जातो.

समजा, १० जानेवारीला वडिलांच्या खात्यातून काढलेला १२ हजारांचा ड्राफ्ट कॉलेजात पोहोचण्याआधीच हरवला. अशा वेळी ज्या शाखेने तो दिला, तिथेच जावे. ड्राफ्ट क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहिलेला अर्ज वडिलांच्या सहीने द्यावा, सोबत हमीपत्र जोडावे. ड्राफ्ट वटलेला नाही याची खात्री करून बँक दुसरी प्रत देते.

इथेच ग्राहकाला ‘नंतर या’ ऐकावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार अर्जानंतर पंधरवड्यात दुसरी प्रत द्यायची असते. उशीर झाल्यास त्या काळाचे मुदत ठेवीच्या दराने व्याज द्यायचे असते. म्हणून अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच.

ड्राफ्ट हरवला नाही, पण एप्रिलअखेर कपाटात सापडला तर? १ एप्रिल २०१२ पासून मुदत तीन महिन्यांचीच आहे. तरी पैसे बुडत नाहीत. मूळ ड्राफ्ट त्याच शाखेत देऊन वडिलांनी मुदत वाढवून घ्यावी किंवा तो रद्द करावा. शुल्क वजा होऊन रक्कम खात्यात परत येते.

हा नियम ड्राफ्टच्या पावतीवरच मराठीत छापायला बँकांची हरकत का असावी?