पेसमेकर आहे, एमआरआय होईल का?

पेसमेकर म्हटले की अनेक केंद्रे एमआरआयला सरसकट नकार देतात. धोका खोटा नाही. यंत्राच्या रेडिओलहरींमुळे हृदयात बसवलेली तार अँटेनासारखी वागते, तिचे टोक तापू शकते. शिवाय पेसमेकर या लहरींनाच हृदयाचे ठोके समजून आपले काम थांबवू शकतो. म्हणून रुग्ण पेसमेकरवरच अवलंबून असेल, तर तपासणीपुरता तो बाहेरचे संकेत न पाहता ठरावीक गतीने ठोके देईल असा लावतात, नंतर पूर्ववत करतात.

अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एमआरआयसाठी न बनवलेल्या पेसमेकरवर १.५ टेस्लाच्या यंत्रात छाती सोडून इतर भागांच्या हजार तपासण्या झाल्या. तपासणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही. मात्र शरीरात निकामी तार राहिलेल्यांना त्यातून वगळले होते. त्यामुळे पेसमेकरचे कार्ड आणि छातीचा एक्स-रे आधी दाखवा.