मध आपल्याला वर्ज्यच, मग बाळाच्या जिभेवर का?



मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या घरात लहानपणापासून शिकवला जातो. तरीही बाळंतिणीच्या खोलीत मधाची छोटी बाटली हळूच येते. विचारलं तर उत्तर तयार असतं, "औषधाला दोष नाही गं." आज मला या सवलतीबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं बाळ सहा आठवड्यांचं होतं. रोज संध्याकाळी सात वाजले की ते पाय पोटाशी घेऊन रडायला लागायचं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने सांगितलं, गुटी मधात उगाळून द्या, वरून दोन चमचे ग्राइप वॉटर द्या. चार दिवस दिलंही. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना हे कळलं आणि त्यांनी दोन्ही तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपण मोठ्यांनी ते गिळले तर काही होत नाही, कारण आपल्या आतड्यातले इतर जंतू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ही राखण अजून तयार नसते. बीजाणू तिथे रुजतात, विष तयार करतात आणि ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. मध शुद्ध आहे, रानातला आहे, घरी उकळला आहे, यातल्या कशानेच फरक पडत नाही. घरच्या उकळीने बीजाणू मरत नाहीत, आणि डोळ्यांना किंवा वासाला ते कळत नाहीत.

"आम्हाला सगळ्यांना चाटवला, काय झालं?" असं सासूबाई म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. प्रत्येक बाटलीत बीजाणू नसतात, आजारही विरळाच होतो. पण होतो तेव्हा बाळाला श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागू शकतं. ज्याचा काहीच फायदा नाही त्यासाठी एवढा धोका घ्यायचाच कशाला?

डॉक्टरांनी भाचीला पुढचा महिनाभर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण लक्षणं उशिराही दिसतात. बहुतेकदा आधी शी होत नाही. मग दूध ओढण्याची ताकद कमी होते, रडणं क्षीण होतं, पापण्या जड दिसतात, मान आधी धरत असेल तरी पडू लागते, अंग सैल लागतं. असं दिसलं तर घरगुती रेचक न देता लगेच दवाखाना गाठायचा आणि मध दिला होता हे न लाजता सांगायचं. आमचं बाळ सुखरूप राहिलं. पण त्या महिन्यात भाची रोज रात्री उठून त्याच्या पापण्या बघायची.

आता ग्राइप वॉटर. पूर्वी त्यात मद्य असायचं. आता बहुतेक बाटल्यांत नसतं, पण रडणं थांबतं ते बरेचदा गोड चवीने. शिवाय असं रडणं साधारण दीड महिन्याला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. श्रेय मात्र बाटलीला मिळतं. इवल्याशा पोटात हे पाणी गेलं की तेवढं आईचं दूध कमी जातं. मधाऐवजी गूळपाणी किंवा साखरपाणी देणाऱ्यांनाही हेच सांगते. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको.

गुटीबद्दल बोलताना मला आजीची सहाण आठवते, म्हणून हे लिहिणं जड जातं. पण जायफळाचे दोन वेढे म्हणजे नेमकं किती, हे कुणी सांगू शकत नाही. जायफळ जास्त झालं की येणारी गुंगी म्हणजे शांत झोप नव्हे. त्यात सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब वेगळेच.

भाचीने मग काय केलं? दूध पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढायची, पाय सायकलसारखे हलवायचे, दिवा मंद करून छातीशी घेऊन फिरायचं. रडण्याबरोबर ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त किंवा दूध न पिणं असेल तर ते साधं पोट दुखणं समजायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

माझं मत विचाराल तर, मधाच्या बाबतीत आपल्याला नवीन काही शिकायचंच नाही. जो नियम आपण मोठ्यांसाठी पाळतो, त्यातून घरातल्या सर्वांत लहान जिवालाच वगळायचं नाही, एवढंच. आणि काकू बोट पुढे करतील तेव्हा सुनेला एकटीने नाही म्हणायला लावू नका. ते "नको" आपण सासवांनी, मावश्यांनी म्हणावं.