मुलगी आळशी नाही, तिचे रक्त कमी आहे

"डॉक्टर, हिला कामाचा भारी कंटाळा. परवा पर्वतीवर गेलो तर निम्म्या पायऱ्यांतच धापा टाकत बसली. पंधरा वर्षांच्या मुलीला हे शोभतं का?" पुण्यातल्या एका पेठेत राहणाऱ्या आईची ही तक्रार. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लाल नव्हे, जवळजवळ पांढरा. नखे आणि जीभही तशीच. हिमोग्लोबिन तपासले, ते निघाले 7.2 ग्रॅम. या वयात ते किमान 12 हवे.

आईला विचारले, पाळी कशी येते? "नियमित येते हो, काही तक्रार नाही." मग मुलीला वेगळे विचारले. आठ दिवस अंगावर जाते, पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावे लागते, रात्रीही उठावे लागते आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात. बाराव्या वर्षापासून हे असेच चालले होते. "मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं," ती म्हणाली. तिच्या आईचेही तसेच होते, म्हणून आईलाही त्यात वावगे वाटले नव्हते.

आता जमाखर्च मांडून पाहू. साधारण पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते. 80 च्या वर गेले तर ती अतिस्राव होणारी पाळी. या मुलीचे शंभराच्या आसपास जात असावे. शंभर मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे 40 मिलिग्रॅम लोह जाते. त्वचा आणि आतड्यांतून रोज एक मिलिग्रॅम जाते ते वेगळे, म्हणजे महिन्याचा खर्च 70. आपल्या पोळी-भाजी-वरण-भाताच्या जेवणातून शरीर रोज जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम लोह शोषते, म्हणजे महिन्याची जमा 30 ते 45. शिवाय वाढत्या अंगाची गरज आहेच. दर महिन्याला तूट ठरलेली.

ही तूट सुरुवातीला दिसत नाही, कारण शरीर आधी यकृतातली आणि अस्थिमज्जेतली साठवण काढून वापरते. तोवर हिमोग्लोबिन ठीक येते, मुलगी मात्र थकू लागलेली असते. साठवण संपली की मग हिमोग्लोबिन घसरते. फेरिटिन नावाची तपासणी ही साठवण मोजते. हिमोग्लोबिन 7 वर आले म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरली. बसल्या जागी तेवढ्यात भागते. चढ आला की हृदयाला दुप्पट धावावे लागते, म्हणून धाप आणि छातीत धडधड.

माझे ठाम मत असे की, अशा मुलीला नुसते टॉनिक देणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. आधी गळती थांबवायला हवी. पाळी सुरू झाल्यापासूनच अतिस्राव असेल तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, विशेषतः व्हॉन विलब्रँड हा आजार, तपासून घ्यावा. तो आईकडूनही येऊ शकतो. थायरॉइडही पाहावे. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पोट दुखते म्हणून ॲस्पिरिन देऊ नये, त्याने रक्त अधिक जाते.

मग साठवण भरायची. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी प्रतिबंधासाठी आहे. एवढ्या मोठ्या तुटीला ती पुरत नाही, लोहाची गोळी रोज लागते. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तासभर दूर ठेवावा. शौच काळे होते, त्याला घाबरू नये. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम चढायला हवे. तसे झाले नाही तर गोळी पोटात जात नाही, गळती चालूच आहे, किंवा निदान चुकले आहे, असे समजावे.

आमच्या रुग्ण मुलीचे हिमोग्लोबिन चार महिन्यांत 12 झाले आणि नेमकी तेव्हाच आईने गोळ्या बंद केल्या. ही चूक बहुतेक घरांत होते. हिमोग्लोबिन भरले तरी साठवण रिकामीच असते, म्हणून पुढे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. समजावल्यावर तिने ती पुन्हा सुरू केली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. आयांनो, मुलगी दमते म्हणून तिला रागावण्याआधी दोन प्रश्न विचारा: पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? रात्री पॅड बदलायला उठावे लागते का? यांपैकी एकाचे जरी उत्तर 'हो' आले, तरी रक्त तपासून घ्या. आणि बसल्या जागी धाप लागली, चक्कर येऊन पडली किंवा दर तासाला पॅड भिजू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.