कड्यावरचा गोळा आणि ४५ अंशांचा हट्ट

जोर जास्त लावला की वस्तू हवेत जास्त वेळ टिकते, असं मानणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. जोर आहे तोवर गोळा पुढे जातो, जोर ओसरला की पडू लागतो. म्हणजे जोर मोठा तर पडणं उशिरा. हा विचार अडाण्यांचा नव्हे. १५३७ साली निकोलो तार्ताग्लियाने तोफेच्या गोळ्याचा मार्ग दाखवला तो याच धर्तीवर: आधी सरळ रेषा, मग वळण, शेवटी उभा खाली.

पण गोळा सुटला की जोर तोफेतच राहतो. गोळ्याबरोबर जातो तो नुसता वेग, आणि पडणं त्याच क्षणी सुरू होतं. गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढतं. आडव्या वेगाशी त्याला देणंघेणं नाही. गॅलिलिओने १६३२ च्या ‘संवादा’त हे स्वच्छ मांडलं. मनोऱ्यावरच्या तोफेतून आडवे मारलेले गोळे दारू कमी-जास्त भरल्यामुळे जवळ-लांब पडतील, पण हवेचा अडथळा सोडला तर तिथूनच नुसत्या सोडलेल्या गोळ्याइतकाच वेळ घेतील.

८० मीटर उंच, उभा कडा घ्या. त्यावरून लोखंडी गोळा सेकंदाला १५ मीटर वेगाने आडवा सोडला. वेळ ठरवताना हे १५ विसरायचे. उंचीची दुप्पट म्हणजे १६०, तिला ९.८ ने भागून वर्गमूळ काढलं की ४.०४ सेकंद येतात. गोळा ३० च्या वेगाने सोडला तरी वेळ तीच. आता आडव्या खात्यात या: १५ गुणिले ४.०४, म्हणजे पल्ला ६०.६ मीटर. दोन्ही खात्यांत सामाईक आहे ती फक्त वेळ.

आपटतानाच्या वेगाशी मात्र अनेकांचा हात घसरतो. उभा वेग ३९.६ झालेला असतो, आडवा १५. दोन्हींची बेरीज करून ५४.६ लिहून मोकळे होतात. या दोन दिशा एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरसच लागतो. वर्गांची बेरीज १७९३, वर्गमूळ ४२.३ मीटर प्रतिसेकंद.

दुसरा पूर्वपक्ष पाठांतराचा आहे: सर्वांत लांब फेकायचं तर ४५ अंश. सपाट मैदानावर, फेकीची नि पडण्याची पातळी एकच असेल तर हे खरं. कड्यावर ते आंधळेपणाने लावलं की फजिती होते. त्याच १५ च्या वेगाने गोळा ४५ अंशांत वर फेका. आता उभा आणि आडवा वेग प्रत्येकी १०.६. गोळा आधी वर चढतो, त्यामुळे हवेत ५.२७ सेकंद राहतो, पण आडवा वेग घटल्यामुळे पल्ला भरतो ५५.९ मीटर. म्हणजे सरळ आडव्या फेकीपेक्षाही कमी! कड्याने पडायला भरपूर वेळ फुकट दिलेला असताना आणखी वेळ मिळवण्यासाठी आडवा वेग खर्चणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. इथे सर्वोत्तम कोन येतो १९.५ अंश आणि पल्ला ६४.८ मीटर. कोन कोणताही घ्या, आपटण्याचा वेग मात्र ४२.३ च राहतो, कारण सुरुवातीची ऊर्जा तीच आणि उंचीही तीच.

‘आणि हवा?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गोळाफेकीचा ७.२६ किलोचा गोळा असेल तर शेवटच्या क्षणीही हवेचा अडथळा त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहतो. वरचे आकडे थोडेच हलतील. क्रिकेटच्या चेंडूची गोष्ट वेगळी. त्याच वेगाला त्याच्यावरचा अडथळा वजनाच्या तोडीचा होतो. शिवाय हा अडथळा एकूण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे आडवा वेग मोठा असला की वर लागणारा रेटाही वाढतो. दोन्ही खाती एकमेकांत मिसळतात आणि जोरात मारलेला चेंडू खरोखरच किंचित उशिरा पडतो. जोरवाल्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं, पण त्यांनी दिलेल्या कारणाने नव्हे.

खाती वेगळी राहिली का, हे मोबाइलच्या संथ चित्रणात तपासता येतं. गोळ्याच्या मार्गाला काटकोनात, पुरेसं लांब उभं राहून चित्रण करा आणि समान वेळेच्या चौकटींत गोळा आडवा किती सरकला ते मोजा. अंतरं सारखी आली तर वरचं गणित बिनधास्त वापरा. उत्तरोत्तर आखडत गेली तर वर्गमुळाचा नाद सोडून क्षणाक्षणाचा वेग टप्प्याटप्प्याने काढावा लागतो. लोखंडी गोळ्याचं उत्तर चेंडूच्या नावावर खपवणं चूकच.