मालकाच्या मंजुरीला मुदत का नाही?



अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेर या आठवड्यात एक सूचना वाचली. ज्यांना पीएफ काढायचा आहे त्यांनी पासबुकाची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक जमा करावा, बँक खात्याला कंपनीची मंजुरी मिळाल्यावरच ऑनलाइन अर्ज भरावा, असा मजकूर आणि खाली शिक्का. मी स्वतः अनेक वर्षे टाइम ऑफिसात काम केले आहे, त्यामुळे ती वाचून संताप आला. या दोन्ही अटी केंद्रीय कामगार मंत्रालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी काढून टाकल्या आहेत. कामगाराने पोर्टलवर `Manage` मध्ये `KYC` उघडून खाते क्रमांक आणि आयएफएससी भरायचा, आधारचा ओटीपी द्यायचा, बँकेने खाते पडताळायचे, की काम झाले. कंपनीच्या सहीची तिथे गरजच उरलेली नाही. पण हे सांगणार कोण? सूचना वाचून माणसे झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात आणि मग साहेबांच्या सवडीची वाट पाहत बसतात.

अट का काढली, ते मंत्रालयाने तेव्हाच आकड्यांत सांगितले होते. खाते पडताळायला बँकेला सरासरी ३ दिवस लागत होते आणि त्यावर मंजुरी द्यायला मालकांना १३ दिवस. मालकांकडे तेव्हा १४ लाख ९५ हजार मंजुऱ्या पडून होत्या. ज्या बँकेकडे खात्याची सगळी खातरजमा करायची जबाबदारी, तिला ३ दिवस; ज्यांना फक्त डिजिटल सही उमटवायची, त्यांना १३ दिवस! आणि १३ ही सरासरी आहे. ज्यांची सही कधी झालीच नाही, ते त्या लाखांच्या आकड्यात पडून राहिले.

खात्याची मंजुरी गेली, तरी मालकाच्या नोंदीतून कामगाराची सुटका झालेली नाही, हे माझे खरे गाऱ्हाणे आहे. बँक खाते पडताळते म्हणजे खात्यावरचे नाव पीएफच्या नोंदीतल्या नावाशी जुळते का ते पाहते. आणि पीएफच्या नोंदीतले ते नाव मुळात भरलेले असते कंपनीने किंवा ठेकेदाराने.

बदलापूर पूर्वेच्या माझ्या परिचयातल्या एका ताईंचेच पाहा. २०१५ साली त्या अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या, ठेकेदारामार्फत. तेव्हा लग्न व्हायचे होते. ठेकेदाराने आधारची झेरॉक्स घेतली आणि माहेरचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सगळे पीएफला चढवले. पगाराचे खाते देना बँकेत उघडून दिले. पुढे लग्न झाले. आधार, पॅन आणि बँकेच्या खात्यावर सासरचे नाव आले. नोकरी सुटल्यावर पीएफ काढायला बसल्या तेव्हा पहिली अडचण आयएफएससीची निघाली. देना बँक २०१९ च्या एप्रिलमध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि जुने आयएफएससी मार्च २०२१ पासून बंद झाले. पीएफच्या नोंदीत मात्र तो जुनाच कोड बसलेला. नव्या नियमामुळे ही दुरुस्ती घरबसल्या करता आली, नवा कोड टाकला. पण बँकेकडून विनंती परत आली, कारण नाव जुळत नव्हते. खाते त्यांचेच, नाव मात्र दोन ठिकाणी दोन.

आता नाव बदलायचे, तर जानेवारी २०२५ मध्ये दिलेली सवलत अशी आहे: ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला आहे, ते नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती स्वतः दुरुस्त करू शकतात. ताईंचा यूएएन २०१५ चा. त्यांना संयुक्त घोषणापत्र भरावे लागते आणि ते मालकाकडे मंजुरीसाठी जाते. इथे मालक म्हणजे तो ठेकेदार. त्याचा ठेका केव्हाच संपला, गाळ्यात आता दुसरेच कोणी आहे, फोन लागत नाही. कारखान्याचे लोक म्हणतात, तुम्ही आमच्या पटावर नव्हता. आस्थापना रीतसर बंद झाली असती, तर अधिकृत अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने कागदी घोषणापत्र देता आले असते. कागदोपत्री बंद नाही आणि प्रत्यक्षात कुठे दिसत नाही, अशा ठेकेदाराचा कामगार अधांतरी राहतो. आनंदनगर, मोरिवली आणि बदलापूरच्या माणकिवली एमआयडीसीत ठेकेदारीवर काम करणाऱ्या बायकांना विचारून पाहा, लग्नाआधीच्या नावाची ही अडचण घरटी निघेल. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, हे ठाऊक असूनही नियम करणाऱ्यांनी २०१७ ची रेघ मारलीच कशी?

१९५२ च्या पीएफ योजनेत परिपूर्ण दावा २० दिवसांत निकाली काढायचे बंधन आहे. पुरेसे कारण नसताना उशीर झाला तर आयुक्तांवर १२ टक्के दराने व्याजाची जबाबदारी येते आणि ती रक्कम त्यांच्या पगारातून कापता येते. इतका कडक नियम सरकारी अधिकाऱ्याला. पण घोषणापत्र मालकाकडे अडकलेले असताना दावा परिपूर्ण होतच नाही, म्हणून ते २० दिवस सुरूच होत नाहीत. आणि मालकाला व्याज नाही, दंड नाही, तारीख नाही. अधिकाऱ्याला २० दिवस दिलेत तर मालकाला ७ द्या. सात दिवसांत त्याने नकार कारणासह नोंदवला नाही, तर आधारवरच्या नावाने दुरुस्ती आपोआप मंजूर झाली असे धरा. आधार हीच ओळख मानून ओटीपीवर पैसे देता, मग त्याच आधारवरचे नाव मानायला ठेकेदाराची संमती कशाला?

हे होत नाही म्हणूनच उल्हासनगरच्या कॅम्पांत आणि स्टेशनांबाहेर पीएफ काढून देणाऱ्यांची दुकाने चालतात. ते रकमेवर टक्केवारी घेतात, पासवर्ड स्वतःकडे ठेवतात आणि ओटीपी फोनवर विचारतात. एका गृहस्थांच्या अर्जात तिथे नोकरी सोडल्याची तारीख न पाहताच फॉर्म १९ भरला गेला आणि दावा फेटाळला गेला. `Service History` उघडले असते तर ती तारीख रिकामी आहे हे दिसले असते. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की `Mark Exit` मधून ती तारीख कामगाराला स्वतः भरता येते, त्यालाही कंपनी लागत नाही. दुकानदाराने पैसे मात्र पुरते घेतले.

भविष्य निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ हे शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत घेते. ठाणे जिल्ह्याचे शिबिर आळीपाळीने आनंदनगर, मोरिवली आणि माणकिवली एमआयडीसीत, पाळी सुटण्याच्या वेळेला ठेवावे. संयुक्त घोषणापत्र मंजूर करण्याचे अधिकार असलेला अधिकारी तिथे बसवावा आणि ज्या ठेकेदारांकडे घोषणापत्रे अडकली आहेत, त्यांना त्याच दिवशी नोटीस काढावी. आणि त्या टाइम ऑफिसबाहेरची सूचना आधी उतरवायला लावावी.

– एक निवृत्त टाइमकीपर, बदलापूर (पूर्व)