थांबलेल्या मोटारींमधील फट

सायंकाळीं शाळा सुटल्यावर थांबलेल्या मोटारींच्या डाव्या बाजूनें आमचे विद्यार्थी सायकली झपाट्यानें पुढें काढतात. तसें मुळींच करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु फटीची परीक्षा प्रथम शिकावी. फट मोटारीच्या अंगापासून न मोजतां, बाहेर आलेल्या आरशापासून मोजावी. मुठीच्या दोन्ही बाजूंस वीतभर जागा उरत नसेल, तर मागेंच थांबावें.

मोटारीचें दार उघडलें म्हणजे फट पुरती बुजते. मग तारतो तो केवळ मंद वेग. तासीं २० किलोमीटर वेगानें सायकल सेकंदास साडेपांच मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबला जाईपर्यंत एक अख्खी मोटार मागें पडते. चालण्याच्या वेगानें ती सुमारें दीड मीटरच जाते. आपल्याकडे उतारू बहुधा डावीकडेच उतरतात. म्हणून कांचेंतून दाराकडे वळणारें डोकें दिसतांच थांबावें. रांग चालूं लागली, कीं फट सोडून मोटारीच्या मागें यावें.

पालकांसही एक विनंती आहे. डावें दार उजव्या हातानें उघडावें. त्यायोगें मान आपोआप मागें वळते, व येणारें मूल दिसतें.